ब्रेक ऑइल पाणी का पिते?

घाटात ब्रेक गेले असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते घाट उतरत असताना जात नाहीत. गाडी पायथ्यापर्यंत नीट येते. चाकांतून करपल्यासारखा वास येत असतो, तेवढेच. मंडळी चहाला उतरतात. दहा मिनिटांनी गाडी निघते, पहिल्या वळणावर चालक ब्रेकवर पाय ठेवतो आणि पेडल कुठेच न अडता थेट खाली जाऊन टेकते. कशीबशी गाडी थांबते. तासाभराने मेकॅनिक येतो, पेडल दाबून पाहतो, तर ते अगदी ठणठणीत. कुठे गळती नाही, पॅड शिल्लक आहेत, ऑइलची पातळी बरोबर आहे. काही सापडत नाही, कारण जे बिघडले होते ते थंड होऊन पुन्हा द्रव झालेले असते.

हा बिघाड वाफेचा आहे, आणि वाफ होते ती ब्रेक ऑइलमध्ये शिरलेल्या पाण्यामुळे. त्यामुळे ब्रेक ऑइल पाणी शोषते हा त्याचा दोष आहे, असा समज सर्वत्र दिसतो. माझ्या मते तो अर्धवट आहे. पाणी शोषून घेणे हा या द्रवाचा गुण आहे आणि तो हवा म्हणूनच असे रसायन निवडले गेले आहे. मात्र त्या गुणाला मुदत असते, आणि ती मुदत ओळखता यावी म्हणून बाटलीवर उत्कलनबिंदूचे दोन आकडे असतात: ड्राय आणि वेट.

आधी ब्रेकमध्ये काय घडते ते पाहू. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो, नळ्यांतला द्रव ढकलला जातो आणि चाकाजवळच्या कॅलिपरमधला पिस्टन ब्रेक पॅडला डिस्कवर दाबतो. द्रव दाबला तरी आकसत नाही, या एका गोष्टीवर सगळे अवलंबून आहे. मास्टर सिलिंडरचा व्यास 20 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 30 मिलिमीटर धरली, तर पेडल पूर्ण दाबल्यावर पुढे ढकलला जाणारा द्रव साडेनऊ मिलिलिटरच्या आसपास येतो. दोन चमचेदेखील नाही. पॅड आणि डिस्क यांच्यातले अंतर अगदीच थोडे असल्याने एवढा द्रव पुरतो.

आता वाफेचा हिशेब. एक ग्रॅम पाण्याची साध्या हवेच्या दाबाला जवळजवळ 1,700 मिलिलिटर वाफ होते. म्हणजे दट्ट्याच्या संपूर्ण धावेएवढी जागा व्यापायला फक्त सहा मिलिग्रॅम पाणी पुरे, एका थेंबाचा साधारण आठवा हिस्सा. वाफ दाबली की आकसते. चालकाच्या पायाने मारलेली धाव ती वाफ दाबण्यातच संपते आणि पॅडपर्यंत काही पोहोचत नाही. अर्धा लिटर जुन्या ब्रेक ऑइलमध्ये तीन टक्के पाणी असेल, तर ते सुमारे 15 ग्रॅम होते. त्यातले अगदी थोडे उकळले तरी पेडल खाली जाते.

मग घाट उतरत असताना हे का होत नाही? ब्रेक दाबलेला असतो तेव्हा नळ्यांतला दाब हवेच्या दाबाच्या कित्येक पट असतो, आणि प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांना उकळत नाही तसा इथलाही उत्कलनबिंदू वर चढलेला असतो. पाय काढला की दाब उतरतो आणि तापलेल्या द्रवाला बुडबुडे धरण्याची संधी मिळते. गाडी उभी केली की भर पडते. धावत्या गाडीत डिस्कला वारा लागत असतो, तो आता थांबतो. लालबुंद नसली तरी चांगलीच तापलेली डिस्क आपली उष्णता पॅडमधून पिस्टनकडे आणि पिस्टनमधून त्याच्या पाठीमागे थेट टेकलेल्या द्रवाकडे देत राहते. त्यामुळे कॅलिपरमधल्या द्रवाचे तापमान गाडी थांबल्यानंतरही काही मिनिटे वाढत जाते. चहाची दहा मिनिटे ती हीच.

आता मूळ प्रश्न. बंद नळ्यांत पाणी येते कुठून? धुताना किंवा पावसात शिरत असेल असे वाटते, पण मुख्य वाट वेगळीच आहे. चाक वळते आणि खालीवर होते, म्हणून चाकाजवळची शेवटची नळी लवचिक रबराची असावी लागते. हे रबर द्रवाला अडवते. पाण्याच्या वाफेचे सुटे रेणू मात्र त्यातून हळूहळू पार होतात. बाहेरची हवा दमट आणि आतला द्रव कोरडा असला की ओलावा आत सरकत राहतो. आत दाब असला तरी तो थांबत नाही, कारण पाण्याचे रेणू स्वतःच्या कमी-जास्त प्रमाणाप्रमाणे वाहतात, द्रवाच्या दाबाला ते जुमानत नाहीत. दुसरी वाट ऑइलच्या टाकीच्या झाकणाची. पॅड झिजतात तसे पिस्टन पुढे येतात, टाकीतली पातळी उतरते आणि तेवढी हवा वरून यावी लागते. झाकणाखाली रबरी पडदा असतो, तो हवा आणि ऑइल यांना वेगळे ठेवतो, पण शंभर टक्के नाही. साधारण वापरात वर्षाला टक्का-दीड टक्का पाणी वाढते असा ढोबळ अंदाज धरला जातो. नळ्या जुन्या असतील, गाडी कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर उभी राहत असेल, तर जास्तच धरावे. गाडी उभी राहिली म्हणून हे थांबत नाही, आणि म्हणूनच ब्रेक ऑइलची मुदत किलोमीटरइतकीच महिन्यांतही मोजतात.

म्हणजे पाणी येणारच. प्रश्न एवढाच उरतो की आलेल्या पाण्याचे काय करायचे. ज्या द्रवात पाणी मिसळत नाही असा द्रव भरला असता तर ते थेंबाथेंबाने वेगळे राहिले असते. पाणी जड असेल तर ते उतरत उतरत सर्वांत खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये जाऊन साचले असते. नेमकी हीच सर्वांत तापणारी जागा. तिथे सुटे पाणी शंभर अंशांना उकळले असते, हिमालयातल्या थंडीत शून्याला गोठले असते, आणि लोखंडी सिलिंडरला एकाच ठिकाणी गंजाचे खड्डे पाडत बसले असते. हे टाळायचे तर आलेले पाणी पोटात घेऊन सगळीकडे पातळ पसरवणारा द्रव हवा. पाण्यात मिसळलेला जुना द्रव दीडशे अंशांना उकळतो, पण सुटे पाणी शंभरलाच उकळते. दोन वाईटांतले हे बरेच कमी वाईट आहे.

डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 हे तिन्ही द्रव ग्लायकॉल ईथर या रसायनांच्या कुळातले आहेत. त्यांचा रेणू कार्बनच्या लांब साखळीसारखा असतो, तिच्यात ठरावीक अंतरावर ऑक्सिजनचे अणू ओवलेले असतात आणि टोकाला पाण्यातच असतो तसा ऑक्सिजन-हायड्रोजनचा जोड असतो. पाण्याच्या रेणूतले हायड्रोजन या ऑक्सिजनांकडे ओढले जातात आणि धरून ठेवले जातात. या पकडीमुळे पाणी शंभर अंशांना सहज सुटून जात नाही, आणि याच पकडीमुळे द्रव हवेतूनही पाणी ओढतो. एक हवे आणि दुसरे नको असे करता येत नाही, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच ओढ आहे.

डॉट 4 आणि 5.1 मध्ये आणखी एक युक्ती असते. त्यांत बोरेट एस्टर नावाचा घटक असतो: बोरॉनच्या एका अणूला जोडलेल्या तीन ग्लायकॉल साखळ्या. पाण्याचा रेणू आला की तो एखादी साखळी बोरॉनपासून सोडवतो, आणि त्या क्रियेत तो स्वतः पाणी म्हणून उरत नाही. धरलेले पाणी पुन्हा सुटू शकते, पण असे खर्ची पडलेले पाणी उकळायला मोकळे नसते. म्हणून या द्रवांचा वेट आकडा डॉट 3 पेक्षा वरचा राहतो. बोरेटचा साठा मात्र मर्यादित असतो. तो संपत आला की पुढचे पाणी पाणी म्हणूनच साचत जाते.

डॉट हे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नावाचे संक्षिप्त रूप. त्या खात्याच्या नियमाने प्रत्येक प्रतीसाठी किमान आकडे घालून दिले आहेत आणि जगभर तेच वापरात आहेत. डॉट 3 चा ड्राय उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सियस, वेट किमान 140. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. डॉट 5.1 चे 260 आणि 180. हे किमान आहेत. बाजारातले बरेच द्रव यापेक्षा वर असतात, आणि शर्यतीच्या काही द्रवांचा ड्राय आकडा 300 च्या पुढे जातो.

ड्राय आकडा काढणे सोपे. नुकत्याच उघडलेल्या बाटलीतला 60 मिलिलिटर द्रव काचेच्या चंबूत घेऊन उकळतात. वर थंड नळी असते, त्यामुळे वाफ पुन्हा द्रव होऊन चंबूत परत पडते. सेकंदाला एक-दोन थेंब परत पडू लागतील अशी उष्णता ठेवली की जे तापमान स्थिरावते ते नोंदवायचे. वेट आकड्यासाठी तोच द्रव आधी दमट हवेच्या बंद भांड्यात ठेवतात. त्याच्या शेजारी एक ठरवून दिलेला नमुना द्रव असतो. नमुन्यात वजनाने 3.7 टक्के पाणी उतरेपर्यंत थांबायचे आणि मग आपला द्रव काढून तसाच उकळायचा. बारीक मुद्दा असा की 3.7 टक्के हे नमुन्यातल्या पाण्याचे प्रमाण आहे. चाचणीच्या द्रवात त्याहून थोडे कमी किंवा जास्त उतरलेले असू शकते. कमी ओढणाऱ्या द्रवाला त्याचा फायदा मिळतो आणि तो मिळायलाही हवा, कारण गाडीतही तो कमीच ओढणार आहे. वेट आकडा सांगतो तो असा: साधारण दोन-तीन वर्षे वापरल्यासारखा ओलावा मिळाल्यावर हा द्रव किती तापमान सोसेल.

म्हणून दोन बाटल्या शेजारी ठेवून निवडायची वेळ आली तर मी वेट आकडा आधी पाहते. ड्राय आकडा तो द्रव भरल्या दिवशी खरा असतो. पहिल्या एक-दोन टक्के पाण्यातच उत्कलनबिंदू सर्वांत वेगाने घसरतो, त्यामुळे काही महिन्यांतच आपण त्या मोठ्या आकड्यापासून लांब आलेलो असतो. शर्यतीचे संघ द्रव वारंवार बदलतात, त्यांना ड्राय आकड्याचा उपयोग आहे. दोन वर्षे बॉनेट न उघडणाऱ्या घरच्या गाडीला नाही. अमेरिकी नियमात तर डब्यावर किमान वेट उत्कलनबिंदूच छापण्याची सक्ती आहे. आणि वेट आकडा हा तळ नव्हे. पाणी 3.7 टक्क्यांवर थांबत नाही, उत्कलनबिंदूही त्या आकड्याखाली जाऊ शकतो.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी गाडी घेऊ. उतार जवळजवळ 1,300 मीटर, अंतर चाळीसेक किलोमीटर. माणसे आणि सामान धरून गाडी दीड टनाची. तेवढी उंची उतरताना सुमारे 19 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. साध्या तापमानाच्या 65 लिटर पाण्याला उकळी आणायला लागेल इतकी. सावकाश उतरताना त्यातली जवळपास निम्मी टायरांच्या आणि हवेच्या विरोधात जाते. उरलेली इंजिन घेईल की ब्रेक, हे चालक ठरवतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरले तर मोठा वाटा इंजिन घेते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडले तर सगळा भार ब्रेकवर, आणि त्यातला बहुतेक पुढच्या दोन चाकांवर.

समजा न्यूट्रलमधल्या गाडीच्या पुढच्या कॅलिपरमधला द्रव पायथ्याशी 140 अंशांना आला आणि गाडी थांबल्यावर चढत 165 ला गेला. नुकताच बदललेला डॉट 4 असेल तर 230 पर्यंत 65 अंशांची मोकळीक आहे. काही होणार नाही. तोच डॉट 4 तीन पावसाळे जुना असेल आणि वेट पातळीला, 155 ला आलेला असेल, तर उतरताना तो तगेल आणि चहा पिताना उकळेल. जुना डॉट 3 असेल तर तो घाटातच काठावर येईल. पॅड झिजून पातळ झाले असतील तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण डिस्क आणि पिस्टन यांच्यामधला उष्णता अडवणारा थर पॅडचाच असतो.

वाफेचा बिघाड ओळखता येतो. पॅड तापून घर्षण कमी झाले असेल तर पेडल कडक लागते, पाय जोराने दाबावा लागतो, पण गाडी हवी तशी थांबत नाही. वाफ झाली असेल तर पेडल मऊ होऊन खाली जाते. नळ्यांत हवा राहिली असेल तरीही पेडल मऊ लागते, पण ते सकाळी थंड गाडीतही तसेच लागते. वाफेचे पेडल गार झाल्यावर पुन्हा ताठ होते. रस्त्यावर असे घडलेच तर पेडल भराभर पंप करावे, गिअर एकेक करून खाली आणावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढत जावा. केबलने चालणारा हँडब्रेक या द्रवावर अवलंबून नसतो. थांबल्यावर चाकांवर पाणी ओतू नये; तापलेली डिस्क वाकू शकते. गार होऊन पेडल ठीक झाले म्हणजे काम झाले असे समजू नये. तो द्रव त्याच तापमानाला पुन्हा उकळेल.

आपला द्रव किती ओला आहे हे रंगावरून कळत नाही. रबराच्या कणांनी नवा द्रवही काळपट होतो, आणि पाणी भरलेला द्रव स्वच्छ पिवळसर दिसू शकतो. गॅरेजमध्ये पेनसारखे यंत्र बुडवून दिवे दाखवतात, ते द्रवातून वीज किती वाहते यावरून पाण्याचा अंदाज करते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या द्रवांत मुळातच हा फरक असतो, त्यामुळे त्या दिव्यांवर फार विसंबू नये. शिवाय ते टाकीतल्या द्रवाबद्दल बोलते. ब्रेकचा द्रव इंजिन ऑइलसारखा फिरत नाही. कॅलिपरमधला वर्षानुवर्षे जवळजवळ तिथेच राहतो. थोडा द्रव काढून तो प्रत्यक्ष उकळून पाहणारे यंत्र मिळाले तर त्याचा आकडा खरा मानावा.

वरून भर घातली म्हणजे ऑइल ताजे झाले हाही गैरसमज याच कारणाने फसवा आहे. नवा द्रव टाकीत राहतो आणि जुना चाकाजवळ. पातळी उतरली असेल तर आधी पॅड पाहावेत. ते झिजल्यामुळेच ती बहुतेक वेळा उतरते, आणि भर घातलेली असली तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे जाऊन तोच द्रव टाकीतून उतू जातो. हा द्रव रंग खातो. सांडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवावा. पाण्याशी त्याची जी ओढ आहे ती इथे उपयोगी पडते.

बदलायचे तर पूर्ण बदलायचे. मेकॅनिक टाकीतला जुना द्रव पिचकारीने काढतो, नवा भरतो आणि एकेका चाकाच्या निपलला पारदर्शक नळी लावून पेडल दाबत, निपल उघडत-बंद करत जुना द्रव बाहेर काढतो. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे. नळीत स्वच्छ नवा द्रव दिसेपर्यंत आणि एकही बुडबुडा न येईपर्यंत थांबायचे, आणि मध्ये टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते. मोटारीला साधारण लिटरभर द्रव लागतो. नळी पारदर्शक आहे का आणि चारही चाके झाली का, एवढे शेजारी उभे राहून पाहावे. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत दोन वर्षांची किंवा ठरावीक किलोमीटरची, जे आधी येईल ती, मुदत दिलेली असते.

कोणता भरायचा हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालतो, उलट करू नये. डॉट 5 मात्र वेगळ्याच कुळातला, सिलिकॉनचा द्रव आहे, जांभळ्या रंगाचा. त्यात पाणी मिसळत नाही; म्हणजे वर सांगितलेली सुट्या पाण्याची भीती त्यालाच लागू होते. तो बाकीच्यांशी मिसळतही नाही, आणि 5 व 5.1 ही नावे जवळची असली तरी एकाच्या जागी दुसरा भरणे ही गंभीर चूक आहे. सगळे जण याला ब्रेक ऑइल म्हणतात, म्हणून कुणी खरेच इंजिनचे ऑइल किंवा एखादे खनिज तेल त्यात भरले तर सगळ्या रबरी सीलना सूज येते आणि ती सगळीच बदलावी लागतात.

मोटारसायकलच्या पुढच्या डिस्कची टाकी हँडलवर असते, जेमतेम चहाच्या अर्ध्या कपाएवढी. द्रव थोडा म्हणजे तेवढ्याच ओलाव्याने पाण्याचे प्रमाण लवकर चढते, आणि गाडी उन्हापावसात उभी असते. तरी सर्व्हिसिंगमध्ये इंजिन ऑइल दर वेळी बदलले जाते आणि हा द्रव विसरला जातो. तो बदलायला सांगावे, आणि सीलबंद बाटली आपल्यासमोर फोडायला सांगावी. झाकण उघडले की तीच हवा बाटलीतही शिरते. मागच्या गिऱ्हाइकाची उरलेली, महिनाभर फळीवर अर्धवट पडलेली बाटली कोणत्याही ड्राय आकड्याला लायक राहिलेली नसते.